नारायण पंडितांच्या गायी, A¹⁸ आणि केलीने न दिलेली सिद्धता

आकुर्डी-निगडी पट्ट्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला एक प्रश्न ठरलेला असतो. तीन बाय तीनची एक मॅट्रिक्स दिलेली असते. तिच्यासाठी केली-हॅमिल्टन प्रमेय पडताळून पाहा आणि त्यावरून A⁻¹ किंवा A⁴ काढा. बहुतेकांना यात पैकीच्या पैकी मार्क मिळतात. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत तोच प्रश्न जरा वळवून येतो: "हे प्रमेय खरं का आहे? आणि 'त्यावरून' म्हणजे नक्की कशावरून?" इथे अडखळणारे बरेच असतात. आजची पोस्ट त्या 'त्यावरून' या शब्दाबद्दल आहे.

प्रमेय एका ओळीचं आहे. A या चौरस मॅट्रिक्सचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण, म्हणजे det(λI − A) = 0, मांडा. त्यात λ च्या जागी A ठेवा आणि अचल पदाला I ने गुणा. उत्तर शून्य मॅट्रिक्स येतं. मॅट्रिक्स स्वतःचंच समीकरण पाळते.

पुस्तकात क्रम असा असतो की आधी प्रमेय आणि मग 'उपयोग' या मथळ्याखाली इन्व्हर्स. इतिहासात मात्र इन्व्हर्स आधी आला. 1853 साली विल्यम रोवन हॅमिल्टनचं क्वाटर्नियनवरच्या व्याख्यानांचं पुस्तक डब्लिनमध्ये छापलं गेलं. त्यात मॅट्रिक्स हा शब्दच नाही. हॅमिल्टनपुढचा प्रश्न साधा होता. त्रिमितीतल्या सदिशावर φ ही एक रेषीय क्रिया केली आणि उत्तर मिळालं, तर त्या उत्तरावरून मूळ सदिश परत कसा काढायचा? म्हणजे φ⁻¹ हवा होता. तो शोधताना त्याला दिसलं की φ ही क्रिया स्वतःच एक त्रिघाती समीकरण पाळते. मग समीकरणातलं अचल पद एका बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यातून एक φ बाहेर काढायचा, की φ⁻¹ हातात. φ⁻¹ हा φ², φ आणि 1 यांचंच मिश्रण निघतो. परीक्षेत आपण करतो ती कृती हीच.

पाच वर्षांनी, 1858 मध्ये, आर्थर केलीचा मॅट्रिक्सवरचा प्रबंध रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये आला. केली तेव्हा प्राध्यापक नव्हता, लंडनमध्ये वकिली करत होता. त्याने प्रमेय आज आपण म्हणतो त्या रूपात मांडलं. दोन बाय दोनसाठी पूर्ण गणित करून दाखवलं, तीन बाय तीनसाठी पडताळून पाहिल्याचं सांगितलं आणि पुढे सरळ लिहिलं की कोणत्याही आकाराच्या मॅट्रिक्ससाठी औपचारिक सिद्धता देण्याचे कष्ट घेण्याची गरज त्याला वाटली नाही. पण त्याच प्रबंधात त्याने एक फार कामाचं निरीक्षण नोंदवलं: n बाय n मॅट्रिक्सची कुठलीही बहुपदी, कितीही मोठ्या घाताची असो, n−1 घातापर्यंतच्या बहुपदीत बसवता येते. आजच्या पोस्टचा गाभा हाच आहे. तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सचा हजारावा घात घेतला, तरी तो A², A आणि I या तिघांच्या पलीकडे जात नाही.

हे एका खऱ्या आणि जुन्या उदाहरणावर करून बघू. 1356 साली नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी' लिहिली. त्यातलं एक गणित गायींचं आहे. एक गाय दरवर्षी एक कालवड देते. प्रत्येक कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एक कालवड देऊ लागते. वीस वर्षांनी एकूण गायी किती? नारायण पंडितांनी हे बेरजांच्या बेरजा, त्यांच्याही बेरजा अशा मार्गाने सोडवलं. पहिल्या गायीच्या 20 कालवडी. त्यांच्या कालवडी 17 + 16 + … + 1, म्हणजे 153. असं पिढी-पिढीने पुढे जात मूळ गाय धरून उत्तर येतं 2745.

आता हेच मॅट्रिक्सच्या भाषेत. n व्या वर्षाअखेरची एकूण संख्या T(n) म्हणू. या वर्षी किती जन्म होतील? तीन वर्षांपूर्वी जितक्या गायी होत्या, तितक्या सगळ्या आता व्यायला लागलेल्या आहेत, म्हणून तितकेच. त्यामुळे

```
T(n) = T(n-1) + T(n-3)
```

सुरुवात T(0) = 1, T(1) = 2, T(2) = 3. चौथ्या वर्षी पहिली कालवड व्यायला लागते आणि T(4) = 4 + 2 = 6. लागोपाठच्या तीन वर्षांचे आकडे एका स्तंभात ठेवले, तर एक वर्ष पुढे जाणं म्हणजे या मॅट्रिक्सने गुणणं:

```
    | 1 0 1 |          | 1 1 1 |
A = | 1 0 0 |     A² = | 1 0 1 |
    | 0 1 0 |          | 1 0 0 |
```

तिचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण काढताना det(λI − A) पूर्ण उलगडत बसू नका. तीन बाय तीनसाठी तीनच संख्या लागतात. कर्णावरच्या पदांची बेरीज 1 आहे. कर्णावरच्या दोन बाय दोन निश्चयकांची बेरीज 0 आहे. पूर्ण निश्चयक 1 आहे. म्हणून समीकरण λ³ − λ² + 0·λ − 1 = 0, आणि प्रमेयानुसार

```
A³ = A² + I
```

ही ओळ नीट बघा. T(n) = T(n-1) + T(n-3) हा गायींचा नियम आणि ही ओळ एकच गोष्ट सांगतात. नियम मॅट्रिक्समध्ये बसवला होता, प्रमेयाने तो मॅट्रिक्समधून परत बाहेर काढून दिला.

आता मोठा घात. T(2), T(1), T(0) पासून T(20) पर्यंत जायचं म्हणजे 18 पावलं, तेव्हा A¹⁸ हवा. केलीच्या निरीक्षणाप्रमाणे तो pA² + qA + rI असा असलाच पाहिजे. p, q, r काढायला मॅट्रिक्स गुणायच्याच नाहीत. x ची साधी बहुपदी घ्यायची आणि जिथे x³ येईल तिथे x² + 1 लिहायचं. x¹⁸ ला x³ − x² − 1 ने भागल्यावर उरणारी बाकी हेच आपलं उत्तर. एक-एक पाऊल टाकलं तर:

```
x⁴ = x² + x + 1
x⁵ = 2x² + x + 1
x⁶ = 3x² + x + 2
x⁷ = 4x² + 2x + 3
x⁸ = 6x² + 3x + 4
x⁹ = 9x² + 4x + 6
```

नवव्या घातावर थांबा. आता पुढची नऊ पावलं चालण्यापेक्षा वर्ग करू. (9x² + 4x + 6)² केल्यावर मिळतं 81x⁴ + 72x³ + 124x² + 48x + 36. यात x⁴ आणि x³ च्या जागी वरची रूपं ठेवली की

```
x¹⁸ = 277x² + 129x + 189
A¹⁸ = 277A² + 129A + 189I
```

सुरुवातीच्या (3, 2, 1) या स्तंभावर हे चालवायचं. I लावलं तर वरचं पद T(2) = 3 राहतं, A लावलं तर T(3) = 4, A² लावलं तर T(4) = 6. म्हणून

```
T(20) = 277×6 + 129×4 + 189×3 = 1662 + 516 + 567 = 2745
```

नारायण पंडितांचं उत्तर जुळलं. अर्थात, वीस वर्षांसाठी नुसत्या बेरजा करत गेलात तरी दोन मिनिटांचं काम आहे. फरक पडतो तो घात वाढला की. A¹⁰⁰⁰ साठी 9 वेळा वर्ग करायचा आणि 5 वेळा x ने गुणून एक पाऊल पुढे जायचं, एवढंच. आणि प्रत्येक वेळी हातात फक्त तीन संख्या असतात.

पुस्तकात याची दुसरी रीतही असते: समीकरणाची मुळं काढायची आणि λⁿ = pλ² + qλ + r मध्ये ती एक-एक ठेवून p, q, r सोडवायचे. इथे ती रीत वापरून पाहा, लगेच वैतागाल. एक मूळ साधारण 1.4656 आहे, अपरिमेय. उरलेली दोन संमिश्र आहेत. पूर्णांकांच्या गणितात विनाकारण दशांश घुसतात. मुळं सोपी पूर्णांक असतील तेव्हाच ती रीत सोयीची. मूळ दुहेरी असेल तर तिथे एक समीकरण कमी पडतं. मग त्याच समीकरणाचं λ च्या संदर्भात अवकलन करून दुसरं मिळवावं लागतं. परीक्षेत इथे बरेचजण तेच समीकरण दोनदा लिहितात आणि उत्तर का येत नाही म्हणून अडकतात. बाकीच्या रीतीला मुळांशी देणंघेणंच नाही, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

आता इन्व्हर्स, म्हणजे हॅमिल्टनचा मूळ प्रश्न. A³ − A² = I मधून एक A बाहेर काढला की A(A² − A) = I. म्हणून

```
               | 0  1 0 |
A⁻¹ = A² − A = | 0  0 1 |
               | 1 −1 0 |
```

बहुतेकजण इथे उत्तराखाली रेघ मारतात. पण ही मॅट्रिक्स काय करते ते बघण्यासारखं आहे. ती एक वर्ष मागे नेते. शेवटच्या ओळीचा अर्थ T(n−3) = T(n) − T(n−1), म्हणजे या वर्षीचे जन्म मोजले की तीन वर्षांपूर्वीची एकूण संख्या कळते. तर (3, 2, 1) पासून मागे चालत जाऊ. T(−1) = 2 − 1 वजा काही नाही, असं अंदाजाने न लिहिता नियमच लावा:

```
T(−1) = T(2) − T(1)  = 3 − 2 = 1
T(−2) = T(1) − T(0)  = 2 − 1 = 1
T(−3) = T(0) − T(−1) = 1 − 1 = 0
```

वर्ष −2 मध्ये एक गाय आहे, वर्ष −3 मध्ये एकही नाही. म्हणजे मूळ गाय वर्ष −2 मध्ये जन्मली, आणि वर्ष 1 मध्ये बरोबर तीन वर्षांची होऊन पहिल्यांदा व्याली. हे आपण मॅट्रिक्सला कुठेही सांगितलं नव्हतं. सुरुवातीच्या तीन आकड्यांतच ते दडलेलं होतं, इन्व्हर्सने उघड केलं.

आणखी मागे जा. T(−4) = 0, पण T(−5) = T(−2) − T(−3) = 1. गोठा रिकामा असताना, त्याच्याही एक वर्ष आधी, एक गाय कुठून आली? नियमानुसार प्रत्येक जन्माला तीन वर्षांपूर्वीची एक गाय लागते, म्हणून मॅट्रिक्स मूळ गायीची आई मागते आहे. तिला हे माहीत नाही की आपली गोष्ट एका गायीपासून सुरू होते. आणि T(−7) = T(−4) − T(−5) = −1. उणे एक गाय. गणित कुठेही चुकलेलं नाही. A⁻¹ अस्तित्वात आहे आणि तो बरोबर आहे, पण गोष्ट जिथे संपली त्याच्या मागेही आपण तो चालवला. पुढे तुमच्या संशोधनात लोकसंख्या, यंत्रांची बिघाड-दुरुस्ती किंवा असं कुठलंही पावला-पावलाने चालणारं मॉडेल असेल आणि तुम्ही A⁻¹ ने मागे जात असाल, तर उणे आकडा दिसल्यावर आधी हाच प्रश्न विचारा: निश्चयकात चूक आहे, की मी मॉडेलच्या हद्दीबाहेर आलो?

मागे जाणं मुळातच अशक्य कधी होतं? समीकरणातलं अचल पद शून्य असेल तेव्हा. अचल पद म्हणजे चिन्ह सोडून निश्चयकच. ते शून्य असेल तर एका बाजूला I उरतच नाही आणि A बाहेर काढून काही मिळत नाही. म्हणून इन्व्हर्स काढायच्या आधी अचल पदाकडे बघायची सवय ठेवा. मोठे घात मात्र तेव्हाही याच रीतीने निघतात, त्यांना इन्व्हर्सची गरज नसते.

आता मुलाखतीतला प्रश्न: हे खरं का? सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं: "det(λI − A) मध्ये λ = A ठेवा, det(A − A) = det(0) = 0, झालं." ऐकायला छान वाटतं, पण चूक आहे. det चं उत्तर एक संख्या असतं आणि आपल्याला सिद्ध करायचं आहे ते शून्य मॅट्रिक्स. शिवाय λI मधला λ प्रत्येक कर्णपदावर बसलेली संख्या आहे, तिथे अख्खी मॅट्रिक्स ठेवता येत नाही. विश्वास बसत नसेल तर हाच युक्तिवाद det ऐवजी कर्णाच्या बेरजेवर लावून बघा. λI − A च्या कर्णाची बेरीज आपल्या A साठी 3λ − 1 आहे. "λ = A ठेवा, A − A ची बेरीज शून्य" म्हटलं तर 3A − I ही शून्य मॅट्रिक्स ठरते. वरची A बघा, तशी ती अजिबात नाही. जो युक्तिवाद खोटी गोष्टही सिद्ध करतो, तो खऱ्या गोष्टीची सिद्धता होऊ शकत नाही.

सर्वसाधारण आकारासाठी सिद्धता 1878 मध्ये फ्रोबेनियसने दिली, केलीच्या प्रबंधानंतर वीस वर्षांनी. आजच्या पुस्तकांतली नेहमीची सिद्धता अ‍ॅडजॉइंटवर उभी आहे आणि तीन बाय तीनसाठी चार ओळींत मावते. कॅरॅक्टरिस्टिक बहुपदी λ³ + c₂λ² + c₁λ + c₀ म्हणा. λI − A चा अ‍ॅडजॉइंट घ्या. त्याचं प्रत्येक पद दोन बाय दोनचा निश्चयक आहे, म्हणून त्यात λ चा घात दोनच्या वर जात नाही. तो B₂λ² + B₁λ + B₀ असा लिहिता येतो, जिथे B म्हणजे λ नसलेल्या मॅट्रिक्स. मॅट्रिक्स गुणिले तिचा अ‍ॅडजॉइंट म्हणजे निश्चयक गुणिले I, तेव्हा दोन्ही बाजूंचे λ चे सहगुणक जुळवा:

```
λ³ :  B₂        = I
λ² :  B₁ − A B₂ = c₂ I
λ  :  B₀ − A B₁ = c₁ I
1  :     − A B₀ = c₀ I
```

पहिल्या ओळीला डावीकडून A³ ने गुणा, दुसरीला A² ने, तिसरीला A ने, चौथी तशीच ठेवा आणि बेरीज करा. डावीकडे सगळं एकमेकांत कटतं आणि शून्य उरतं. उजवीकडे उरतं A³ + c₂A² + c₁A + c₀I. झालं. n बाय n साठी फक्त ओळी वाढतात. आणि चौथ्या ओळीकडे पुन्हा बघा: c₀ शून्य नसेल तर A⁻¹ = −B₀/c₀. म्हणजे इन्व्हर्स हा प्रमेयाचा नंतर सुचलेला उपयोग नाही, तो सिद्धतेच्या आतच बसलेला आहे. आपल्या A साठी c₂ = −1, c₁ = 0, c₀ = −1. वरून खाली येत B₁ = A − I, B₀ = A² − A, आणि A⁻¹ पुन्हा तोच.

शेवटी संगणकाबद्दल, कारण तुम्ही उत्तर तिथे तपासणारच:

```python
import numpy as np
A = np.array([[1,0,1],[1,0,0],[0,1,0]])
v = np.array([3,2,1])
print(np.linalg.matrix_power(A, 18) @ v)
```

पहिला आकडा 2745 येईल. आता 18 च्या जागी 112 लिहा, म्हणजे T(114). 64 बिटांच्या पूर्णांकात उत्तर उणे येतं, कारण तिथे खरा आकडा 2⁶³ च्या पुढे गेलेला असतो आणि `numpy` काही न सांगता तो गुंडाळून टाकतं. या उणे चिन्हाचा आधीच्या उणे गायीशी काही संबंध नाही: तिथे मॉडेलची हद्द ओलांडली होती, इथे साठवणुकीची. `dtype=object` दिलं, किंवा p, q, r हे पायथनच्या साध्या पूर्णांकांत ठेवून वरची बाकीची रीत चालवली, तर उत्तर अचूक मिळतं.

आणि मॅट्रिक्स शंभर बाय शंभरची असेल, पदं मोजमापातून आलेली दशांशातली असतील, तर या प्रमेयाने इन्व्हर्स काढायला जाऊ नका. कॅरॅक्टरिस्टिक बहुपदीचे सहगुणक काढतानाच पूर्णांकनाच्या चुका साचतात, आणि त्या पुढे मोठ्या होऊन उत्तरात उतरतात. तिथे ओळी वजा करत जाणारी गाउसची रीतच वापरतात. तुमचा इन्व्हर्स बिघडला आहे का हे ओळखायला A·A⁻¹ गुणून I पासून किती लांब आहे ते बघा.

मुलाखतीच्या तयारीसाठी एक गणित सोडून ठेवतो. कालवड तीनऐवजी दोन वर्षांची झाल्यावर व्यायला लागली तर मॅट्रिक्स दोन बाय दोनची होते. तिचं समीकरण काढा, A¹⁰ हा pA + qI मध्ये बसवा आणि p, q हे आकडे तुम्हाला आधी कुठे भेटलेत ते ओळखा. मग A⁻¹ ने मागे चालत जाऊन पहिला उणे आकडा कुठे येतो ते शोधा, आणि तो का येतो ते एका वाक्यात सांगा.